सोनारघोळ, मारुती मंदिराजवळ

“गणपतराव खोराटे पुरानं मेले नाहीत, साहेब. त्यांना तुम्ही मारलंत.”

खुलाशाची पहिली ओळ ही होती. यज्ञेश्वर सरांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली. चष्मा पुसल्यानं ओळ बदलत नसते.

“अनुजा, खुलासा असा असतो का गं?” ते म्हणाले. “खुलाशात आपण लिहितो, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. मग लिहितो, ‘अनवधानाने’. मग सही. संपलं.”

“अनवधानानं काय झालं, सर?”

“काहीतरी झालंच असेल की! एवढे अर्ज होते. एखादा इकडचा तिकडं जातोच.”

“एखादा नव्हे. अख्खी वसाहत गेली. आणि ती कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि साहेबांनाही माहीत आहे.”

खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता, तिथली पोरं एका सुरात कसलंतरी सूत्र घोकत होती. राजारामपुरीत निम्म्या इमारतींत पोरं सूत्रं घोकतात आणि उरलेल्या निम्म्यांत ती पाठ करून मोठी झालेली माणसं दुसऱ्यांची कामं घोटतात. अनुजाचं ऑफिस या दुसऱ्या निम्म्यातलं, मालक यज्ञेश्वर सर. काम एकच, पत्ते जुळवायचे. लोकांनी लिहिलेला पत्ता एका बाजूला, सरकारी स्वच्छ यादीतला पत्ता दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही पत्ते एकाच घराचे आहेत का ते ठरवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

एकच गल्ली लोक किती तऱ्हेनं लिहितात! राजारामपुरी नववी गल्ली. राजारामपूरी ९ वी ग. इंग्रजीत राजाराम वेगळं, पुरी वेगळी. नुसतंच आर. पुरी. वर खुणा. जुन्या टॉकीजमागे, तर टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय झालं आणि मंगल कार्यालय पाडून फ्लॅट झाले. चिंचेसमोर, तर चिंच रस्त्यात गेली त्याला दहा पावसाळे लोटले. कोल्हापुरात पत्ता सांगताना माणूस तिथं काय आहे ते सांगत नाही, काय होतं ते सांगतो. आणि गंमत म्हणजे ऐकणारा बरोबर पोचतो. फक्त कॉम्प्युटर पोचत नाही, कारण त्यानं चिंच बघितलेली नसते.

म्हणून त्याला शिकवावं लागतं. ‘मु. पो.’, ‘रा.’, ‘ता.’ बाजूला काढा. घर, गल्ली, गाव, तालुका, पिनकोड वेगवेगळे करा. ज्या दोन पत्त्यांचा पिनकोड सारखा त्यांचीच एकमेकांशी गाठ घाला, कारण प्रत्येकाची प्रत्येकाशी घालायची म्हटली तर मशीन पावसाळाभर बसेल. मग शब्दाशब्दाला गुण द्या. ‘मारुती मंदिर’ जुळलं तर गुण कमी, कारण मारुती प्रत्येक गावात असतो. वेगळं, कुठं न सापडणारं नाव जुळलं तर गुण जास्त. रकाना रिकामा असेल तर गुण नाही आणि दंडही नाही. शेवटी बेरीज. शंभरापैकी पंच्याऐंशीच्या वर गेलं तर जुळलं. साठच्या खाली राहिलं तर नाही जुळलं. मधला जो ढीग उरतो तो माणसानं डोळ्यांनी बघायचा.

मधला ढीग. सगळी मारामारी तिथंच असते. तो बघण्यासाठीच अनुजाला पगार होता.

या वेळचं काम मोठं होतं. पुराच्या तोंडाला जिल्ह्यातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आधी उचलायचं, अशी योजना निघाली होती. घरच्यांनी अर्ज भरायचा. पत्ता स्वच्छ यादीशी जुळला की त्या घराची नकाशावरची जागा कळते, ती पूररेषेच्या आत आहे की बाहेर ते कळतं. आतली घरं बोटीच्या आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या यादीत जाणार. नदी इशारा पातळीला आली की या लोकांना धोक्याची वाट न बघता हलवायचं. योजना चांगली होती. योजना चांगल्याच असतात.

साहेब म्हणजे या योजनेचे अधिकारी. त्यांचं नाव लिहायची गरज नाही. खुर्ची तीच राहते, नावं बदलतात. पहिल्या बैठकीत त्यांनी अनुजाला विचारलं, “किती टक्के जुळले?”

“पंच्याऐंशीच्या वर बघितलं तर बहात्तर टक्के, सर. मधला ढीग आम्ही हातानं तपासतोय. तीन आठवडे लागतील.”

“तीन आठवडे? वर बैठक परवा आहे. बहात्तर टक्के घेऊन जाऊ का मी? हसतील लोक.” त्यांनी पेन टेबलावर आपटलं. “ती तुमची रेघ आहे ना, पंच्याऐंशीची? ती साठावर आणा. मग किती होतात?”

अनुजानं हिशेब आधीच केला होता. ती म्हणाली, “पंच्याण्णव. पण सर, ते जुळलेले नसतात. जुळल्यासारखे दिसतात. त्यातले किती खोटे आहेत ते कुणालाच माहीत नसेल.”

“दिसतात ना? बास.”

यज्ञेश्वर सर बाजूला बसून मान हलवत होते. त्यांची मान हो म्हणायलाच बसवलेली होती. पुढच्या वर्षीचं काम त्याच टेबलावरून मिळायचं होतं. रेघ साठावर आली. टक्केवारी पंच्याण्णव झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, साहेब पंच्याण्णव टक्क्यांसकट.

अनुजाच्या शेजारी कृष्णात बसायचा. गडमुडशिंगीचा, रोज मोटरसायकलवरनं यायचा. तोंड कायम चालू. फोटो बघून म्हणाला, “म्याडम, आमच्या मास्तरनं पासाची रेघ पस्तीसवरनं पंधरावर आणली असती तर मीबी आज कलेक्टर असतो की.”

“पुरात बोट बुडवणारा कलेक्टर.”

“आता कोण वेगळं करनार हाय?”

दोघं हसले. पण हसून झाल्यावर अनुजा मशीनकडं वळली. तिनं कुणाला न विचारता एक साधी तपासणी लावली. स्वच्छ यादीतल्या एकेका पत्त्यावर किती अर्ज येऊन बसलेत? एका घरात अंथरुणाला खिळलेलं एक माणूस असतं, फार तर दोन. तिसरं आलं की शंका घ्यायची.

आजरा तालुक्यातल्या डोंगरावरच्या सोनारवाडीत, मारुती मंदिराजवळच्या एका घरावर चौदा अर्ज बसले होते.

“एका घरात चौदा अंथरुणं?” कृष्णात म्हणाला. “घर हाय का सरकारी दवाखाना?”

चौदाही अर्जांवर पत्ता जवळपास एकच. मु. पो. सोनारघोळ, मारुती मंदिराजवळ, ता. आजरा. पिनकोड आजऱ्याकडचा. घर नंबर कुणीच लिहिला नव्हता. स्वच्छ यादीत सोनारघोळ नावाचं गावच नव्हतं. मग मशीननं काय केलं? त्या पिनकोडात जवळचं काय सापडतं ते बघितलं. सोनारवाडी सापडली. तालुका जुळला, पिन जुळला, नाव निम्मं जुळलं, मारुती जुळला. घर नंबराचा रकाना रिकामा, म्हणजे दंड नाही. गुण बहात्तर. जुन्या रेघेवर हे चौदा अर्ज मधल्या ढिगात पडले असते आणि कुणीतरी डोळ्यांनी बघितले असते. नव्या रेघेवर ते ‘जुळले’. आणि सोनारवाडी उंचावर असल्यामुळं चौदाच्या चौदा माणसांपुढं शेरा पडला, ‘पूररेषेबाहेर’.

तिनं पहिल्या अर्जावरचा फोन नंबर लावला. अर्जदार गणपतराव खोराटे, अर्ज भरणारी बायको तानाबाई.

“तानाबाई खोराटे बोलताय का?”

“व्हय. कोन?”

“मी कोल्हापुरातनं अनुजा बोलतेय. गणपतरावांचा पुराचा अर्ज भरलाय ना तुम्ही, त्याबद्दल. तुमचं गाव सोनारघोळ, आजरा तालुका, बरोबर?”

“व्हय की.”

“घर उंचावर आहे का? पाणी येतं का तिथं?”

पलीकडं बाई हसल्या. कोरडं हसणं.

“पानी? अगं बाय, तितं पानीच हाय. धरान झालं नव्हं का! सोनारघोळ धरनाच्या पोटात हाय.”

“मग तुम्ही कुठं राहता?”

“हितं. मुडशिंगीच्या फुडं, वड्याच्या काठाला. वसाहत दिल्याय आमास्नी. धाकट्याचं बारसं बी हितंच झालं, आता त्येला पोरं हायती.”

“मग पत्ता सोनारघोळचा का लिहिला?”

“मग काय लिवायचा? वसाहत नंबर दोन? ह्ये काय गावाचं नाव झालं? जेलात घालत्यात तसला नंबर.” त्यांचा आवाज चढला. “मारुती आमी खांद्यावर आनलाय तितनं. कमानीवर सोनारघोळ लिवलंय. चिठ्ठी आजऱ्याला जाती, तितनं फिरून हितं येती. चार दिस जास्ती लागत्यात, पन येती. नाव सोडलं तर मग गाव बुडालं म्हनायचं. नुसत्या पान्यानं गाव बुडत न्हाई, बाय.”

अनुजा फोन धरून बसली. वाद कशावर घालायचा? बाई चुकीचं काहीच बोलत नव्हत्या. आणि त्यांनी लिहिलेला पत्ता खराही होता. मारुती मंदिराजवळ, हे तर अगदी खरं. देव हलला होता आणि त्याच्याबरोबर खूण हलली होती. फक्त सरकारच्या यादीत तेवढं हललं नव्हतं. गाव बुडवताना सरकारला बरोबर सापडलं होतं. वाचवताना सापडत नव्हतं.

“मालकांना काय झालंय?” तिनं विचारलं.

“काजूच्या कारखान्यात व्हते की आजऱ्याला, ऱ्हायला बी तितंच. भट्टीवर. छातीत धूर बसलाय जलमाचा. आता मशीन लावल्याय हवंची, लायटीवर चालती. उठून बसवत न्हाई. गेल्या पुरात वडा उलटा आला आनि रस्ता तुटला. तवा ह्ये चालत व्हते, बाई. आता कसं काडायचं ह्यास्नी? म्हनून तर अर्ज भरला.”

अनुजानं त्याच दिवशी बसून काम केलं. जुन्या नावाला नवं नाव जोडणारी एक ओळ मशीनला दिली, सोनारघोळ म्हणजे पुनर्वसन वसाहत क्रमांक दोन. अशा जोडनावांच्या बाबतीत पिनकोडाची अट काढून टाकली. पुन्हा चालवलं. चौदाही अर्ज डोंगरावरनं उतरले आणि ओढ्याकाठी येऊन बसले. घर नंबर नसल्यानं नेमका भूखंड कळत नव्हता, पण बोटीला भूखंड लागत नाही. बोटीला वसाहत कळली तरी पुरे. वसाहत नकाशावर लाल होती. लाल म्हणजे पूररेषेच्या आत.

मग ती आणि यज्ञेश्वर सर साहेबांकडं गेले. सर निम्म्या वाटेत तीनदा म्हणाले, “आवाज चढवू नकोस.”

साहेबांनी कागद हातात घेतला नाही. अनुजानंच तो त्यांच्यापुढं सरकवला.

“यादी गोठवलीय, मॅडम,” साहेब म्हणाले. “बोटींचं नियोजन त्यावर झालंय. पंच्याण्णव टक्के वर कळवलेत. आता ह्यात खोड काढायची म्हणजे मी खोटा.”

“सर, ही चौदा माणसं उठू शकत नाहीत. आणि सोनारघोळ एकच नाही. धरणाखालची आणखी गावं आहेत, आणखी वसाहती आहेत. मधला ढीग सगळाच बघायला हवा.”

“पत्ता चुकीचा लिहिला कुणी? त्यांनी. शिकलेल्या माणसानं पत्ता नीट लिहू नये?”

“त्यांचं गाव तुम्ही…” अनुजानं जीभ चावली. “सर, निदान ही वसाहत तरी घाला.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर कुणीतरी थांबलं होतं. “बरं, ठेवा. टाकतो.”

“नक्की टाकाल ना, सर?”

“टाकतो म्हणालो ना! शब्दावर विश्वास नाही का तुमचा?”

यज्ञेश्वर सरांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. कागद साहेबांनी काचेच्या पेपरवेटखाली सरकवला. त्या काचेत एक पिवळं फूल होतं. अनुजाला ते फूल अजून आठवतं.

ती परत आली आणि तिनं तानाबाईंना फोन केला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला वाटलं म्हणून केला.

“मावशी, तुमचं नाव यादीत घातलंय. नदी इशाऱ्याला आली की बोट आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईल. मालकांना हलवायची काळजी करू नका.”

“तुझं कल्यान हुईल गं पोरी,” तानाबाई म्हणाल्या. “न्हाईतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं न्यायचं म्हनत व्हती पोरं. ट्रॉलीत हादरं बसत्यात, मशीन बंद पडती. बोटच बरी.”

ऑगस्टमध्ये पाऊस लागला आणि धरणातनं विसर्ग वाढला. राजाराम बंधाऱ्याचं पाणी फुटाफुटानं चढायला लागलं, तशी सगळ्या कोल्हापुरात एकच विचारणा सुरू झाली, किती फूट? रिक्षावाला विचारतोय, दूधवाला विचारतोय. एकोणचाळीसला इशारा. गोठवलेली यादी त्याच दुपारी बाहेर पडली. बोटी निघाल्या. नदीकाठच्या चार गल्ल्यांतली माणसं खरोखर आधी उचलली गेली. तेही लिहायला हवं. ती माणसं वाचली, कारण त्यांचा पत्ता पंच्याऐंशीच्या वरचा होता.

वसाहतीत कुणी आलं नाही.

त्याच दिवशी सकाळी पोरं ट्रॉली घेऊन दारात आली होती. गावकीनं ठरवलं होतं, म्हाताऱ्यांना शाळेत हलवू. तेरा अंथरुणं हलली. तानाबाईंनी हात आडवा केला. “आमची बोट येनार हाय. म्याडमचा फोन आलाय.” शेजारचा पिराजी म्हणाला, “काकू, सरकारची बोट म्हंजे सरकारचंच काम. यील तवा यील.” तानाबाई म्हणाल्या, “सरकारचा न्हाई, त्या पोरीचा शबूद हाय.”

दुपारी ओढा उलटा आला. नेहमी नदीकडं वाहणारं पाणी घराकडं वाहायला लागलं. मग तानाबाईंनी अनुजाला फोन केला. तोवर रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं.

“पोरी, बोट कुटं हाय?”

अनुजानं साहेबांना फोन लावला. उचलला नाही. मदत केंद्राला लावला. तिथल्या बाईनं शांतपणे यादी चाळली. “खोराटे, गणपतराव… सापडले. सोनारवाडी, आजरा. पूररेषेबाहेर आहेत, मॅडम. त्यांना धोका नाही.”

“अहो, ते तिथं नाहीत! मुडशिंगीच्या पुढं आहेत! वसाहत नंबर दोन!”

“यादीत तसं नाही ना.”

“मी सांगतेय ना तुम्हाला!”

“मॅडम, तुम्ही नातेवाईक आहात का? मग अर्ज करा, पत्ता दुरुस्तीचा.”

कृष्णात उठला. “म्याडम, मी जातो.” त्यानं ओळखीच्या एकाची मासेमारीची नाव मिळवली. पण ती पोचेपर्यंत पिराजीनं आणि पोरांनी गणपतरावांना खाटेसकट ट्रॉलीत चढवून शाळेत नेलं होतं. ट्रॉलीच्या चाकाला पाणी लागलं होतं. हवेचं मशीन कोरडं पोचलं. शाळेत लाइट नव्हती. वीज मंडळानं पुरामुळं तारा बंद केल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर असतं. अ‍ॅम्ब्युलन्स यादीतल्या घरांकडं गेली होती.

गणपतराव त्याच दिवशी, कृष्णातची नाव शाळेला लागायच्या आधी, उजेड असतानाच गेले. शाळेच्या फळ्याखाली. फळ्यावर मुलांनी लिहिलेलं होतं, माझे गाव. खाली निबंध. पहिली ओळ होती, माझे गाव सोनारघोळ. ज्या पोरांनी ते गाव डोळ्यांनी बघितलेलं नाही त्यांनी लिहिलेली.

पाणी ओसरल्यावर अनुजा वसाहतीत गेली. कृष्णात बरोबर होता. कमान होती, मारुती होता, त्याच्या कंबरेपर्यंत चिखलाची रेघ उठली होती. तानाबाई पायरीवर बसून गोधड्या धूत होत्या. अनुजानं नाव सांगितलं. त्यांनी वर बघितलं.

“तू व्हय ती?”

“मावशी, मी…”

“बस.”

ती बसली. तानाबाईंनी गोधडी पिळली. बराच वेळ पिळत राहिल्या.

“तुला शिव्या घालाव्या म्हनून ठिवल्या व्हत्या मी,” त्या म्हणाल्या. “तोंड बगून निघंनात. तू फोन केला नसतास तर सकाळीच ट्रॉलीत घातलं असतं. हादरं बसलं असतं, पन रस्ता व्हता. दवाखाना गाठला असता.”

“हो.”

“व्हय म्हनू नगंस. कुनी सांगितलं तुला बोट यील म्हनून?”

“साहेबांनी. ‘टाकतो’ म्हणाले.”

“मग त्येला इचारलंस का?”

कृष्णात म्हणाला, “काकू, साहेब लोकास्नी इचारायचं नसतंय. त्येच आमाला इचारत्यात. खुलासा मागवलाय आमच्याच हापिसाकडनं.”

“कशाचा?”

“पत्ता चुकल्याचा.”

तानाबाईंनी गोधडी दगडावर आपटली. “चुकल्याचा? तुमी ज्या गावावर पानी सोडलंसा त्येचं नाव लिवलं आमी. त्यात चूक कंची?” मग अनुजाकडं वळल्या. “तुझी चूक हाय. ती मी इसरनार न्हाई. पन तू निदान आलीस. आता ज्येनं ‘टाकतो’ म्हटलं त्येला इचार. माझ्यासाठनं इचार. मला लिवता येत न्हाई, अर्ज बी पोरानं लिवलेला.”

चौकशीचं पत्र यज्ञेश्वर सरांच्या टेबलावर होतं. त्यात लिहिलं होतं, ‘अर्जदाराने अस्तित्वात नसलेल्या गावाचा पत्ता नमूद केल्याने व एजन्सीच्या ऑपरेटरकडून अनवधानाने चुकीची जुळणी झाल्याने’. सगळं बसवून दिलेलं. फक्त सही करायची. त्याच पत्राची एक प्रत मयताच्या वारसांना पाठवली होती. ती सोनारवाडीला गेली. तिथून शेरा मारून परत आली, ‘या पत्त्यावर असा इसम राहत नाही’. अनुजानं तो परत आलेला लिफाफा बघितला आणि तिला हसू आलं.

“सही कर,” सर म्हणाले. “ऑपरेटरची चूक. तुझं नाव येईल फार तर. मी बघतो पुढचं. काम टिकलं पाहिजे, अनुजा. वीस पोरांची घरं आहेत इथं.”

“आणि मधला ढीग, सर? तो अजून तसाच आहे. पुढच्या पावसाळ्यालाही तीच यादी वापरणार आहेत. गोठवलेली.”

“ते त्यांचं ते बघतील.”

“म्हणजे कुणीच बघणार नाही.”

ती जागेवर जाऊन बसली. सरांनी दिलेला मजकूर बाजूला सारला आणि स्वतःचा खुलासा पुढं लिहायला घेतला. पहिली ओळ होतीच. तिनं स्वतःचंही लिहिलं. मी फोन केला. खात्री न करता केला. माझ्या शब्दावर एक माणूस घरात थांबला. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्या, मी नाही म्हणणार नाही. मग लिहिलं की मशीननं चूक केलेली नाही. मशीननं बहात्तर गुण दिले आणि बहात्तर म्हणजे ‘मला माहीत नाही, माणसानं बघावं’ असा अर्थ होतो. ते ‘माहीत आहे’ असं तुम्ही वाचायला लावलंत.

कृष्णात मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं वाचलं. “म्याडम, नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“मग माझं बी नाव घाला खाली. होडी घिऊन मीच गेल्तो तितं.”

शेवटच्या परिच्छेदाशी तिचा हात थांबला नाही.

“साहेब, खुलासा तुम्ही मागितलात, आता मी मागते. पंच्याऐंशीची रेघ साठावर कुणाच्या तोंडच्या शब्दानं आली? मधल्या ढिगात अजून किती माणसं चुकीच्या डोंगरावर बसवलेली आहेत, ती तुम्ही कधी उतरवणार? आणि तुम्ही ‘टाकतो’ म्हणालात. वसाहतीचा तो कागद पेपरवेटखालून तुम्ही कुठं टाकलात? उत्तर लेखी द्या. मला नको. तानाबाई गणपतराव खोराटे, मु. पो. सोनारघोळ, मारुती मंदिराजवळ, ता. आजरा, या पत्त्यावर पाठवा. तुमच्या यादीत हे गाव नाही, पण टपाल पोचतं. चार दिवस जास्त लागतात. आम्ही थांबतो. पाठवा.”